वापरलेलं ग्राफिक्स कार्ड: विक्रेत्याला पाठवायचा मेसेज

> "जुनं आरटीएक्स ३०७० घेतोय, गेमिंगसाठी. विक्रेत्याला नेमकं काय विचारू?"

"कार्ड चांगलं आहे ना?" असं विचारलंत तर उत्तर "एकदम मस्त" असंच येणार. त्यापेक्षा असं काहीतरी पाठवा:

"नमस्कार, कार्ड अजून पीसीत लावलेलं आहे का? असल्यास एखादा जड गेम पंधरा मिनिटं चालवून GPU-Z मधल्या Sensors टॅबचा सलग व्हिडिओ पाठवाल का? पंख्यांचा आवाजही येऊ द्या. कार्ड कधी उघडलंय का, पेस्ट बदलली आहे का? बिल कोणाच्या नावावर आहे?"

व्हिडिओत GPU Temperature आणि Hot Spot या दोन ओळी पाहा. दोन्हींत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचाच. पण पहिली ७२ आणि दुसरी १०३ दिसली, तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. हे दुरुस्त होतं, त्यामुळे तेवढ्यावरून सौदा मोडू नका, भाव कमी करून मागा. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन चमकले तर मात्र विषय संपला, तिथे बहुधा मेमरीच गेलेली असते.

कार्ड क्रिप्टो मायनिंगला वापरलंय का, हे विचारून फारसा उपयोग नाही, खरं कोण सांगतंय! आणि कार्ड आधीच काढून ठेवलं असेल, तर समोर लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.