तापवल्यावर आलेख ‘सरकतो’ हा शब्दच चुकीचा आहे का?

ऐरोलीची आई
मुलगा अकरावीत आहे, जवळच्याच एका क्लासला जातो. चाचणीत नायट्रोजनचे किती रेणू किती वेगाने पळतात याचा डोंगरासारखा आलेख 300 आणि 600 केल्विनला काढायचा होता. त्याने पहिला डोंगर जसाच्या तसा उचलून उजवीकडे ठेवला. तीनपैकी एक गुण मिळाला. वहीत मात्र “तापमान वाढले की आलेख उजवीकडे सरकतो” असंच लिहून दिलंय. मग तो चुकला कुठे? आणि शब्द चुकीचा असेल तर तसा शिकवतात कशाला?

रबाळे निवृत्त
ताई, मुलाने ऐकलं तेच काढलं. माझ्या मते दोष ‘सरकतो’ या शब्दाचा आहे. डोंगर उचलून ठेवला की त्याचा डावा पाय शून्यापासून सुटतो. म्हणजे 600 केल्विनला सावकाश जाणारा एकही रेणू उरला नाही असं चित्र तयार होतं, आणि ते साफ खोटं आहे. डावा पाय शून्यालाच खिळलेला राहतो आणि आलेख उजवीकडे ताणला जातो.

उंचीचं म्हणाल, तर आलेखाखालची जागा म्हणजे सगळे रेणू मिळून एक. तापवल्याने रेणू वाढत नाहीत, त्यामुळे आलेख रुंद झाला की त्याला बसावंच लागतं. नायट्रोजनचं शिखर 300 ला 422 मीटर प्रति सेकंदावर असतं, 600 ला 597 वर. शिखरापाशी 10 मीटरची पट्टी घेतली तर 300 ला हजारातले जवळपास 20 रेणू तिच्यात सापडतात, 600 ला 14. मुलाने दोन्हीकडे उंची सारखीच ठेवली, दुसरा गुण तिथे गेला असणार.

वागळे इस्टेट, फिजिक्स
मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला शिकवतोय, म्हणून सरांच्या बाजूने बोलतो. ‘सरकतो’ हे शिखराबद्दल म्हटलेलं असतं आणि शिखर खरंच सरकतं. तापमानाच्या वर्गमुळाच्या पटीत सरकतं, दुप्पट केलं तर 1.41 पट. हा एक आकडा हातात आला की अख्खा आलेख काढता येतो. आडवा जितका ताणाल तितकाच उभा दाबायचा, बस. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या आकड्याने होते? चूक झाली असेल तर सोबत आकृती न काढण्याची. मी पोरांना आलेख कागदावर दोन्ही डोंगरांखालचे चौकोन मोजायला लावतो. बेरीज जुळली नाही की त्यांचं त्यांनाच कळतं.

खारेगाव टोलनाका
इतका कीस कशाला? गॅस तापवला की प्रत्येक रेणूचा वेग वाढतो, सावकाश रेणू संपतात, म्हणून सगळं उजवीकडे जातं. बहुतेक रेणू 422 ने पळत होते, ते आता 597 ने पळतात.

वागळे इस्टेट, फिजिक्स
सरासरीने वेग वाढतो हे बरोबर. पण ‘प्रत्येक’ आणि ‘बहुतेक’ हे दोन्ही शब्द काढा. 300 ला 100 मीटरच्या खाली हजारातले साधारण 10 रेणू असतात. 600 ला ते साडेतीनच्या आसपास येतात, संपत नाहीत. आणि एकच रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा धडकत असतो. आत्ता सावकाश असलेला पुढच्या धडकेत सुसाट असेल, तेव्हा ‘सावकाश रेणू’ अशी वेगळी जमातच नाही. 422 च्या आगेमागे दहा-दहा मीटर धरलं तरी शंभरातले चारच रेणू सापडतात. सर्वाधिक शक्य वेग म्हणजे बहुसंख्यांचा वेग नव्हे.

घोडबंदर रोड
422 मीटर म्हणजे ताशी दीड हजार किलोमीटर! मग शेजारी बोंबील तळले की वास आमच्याकडे यायला मिनिटभर का लागतो? आमच्या मजल्यावर वारा भरपूर असतो, तरीही.

रबाळे निवृत्त
साहेब, तो वेग दोन धडकांच्या मधला आहे. आपल्या हवेत रेणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही सरळ जात नाही, तेवढ्यात धडकतो आणि दिशा बदलतो. तुमच्यापर्यंत वास मुख्यतः वाराच आणतो, आणि वारा म्हणजे सगळ्या गर्दीचं एकत्र वाहणं. हा आलेख त्याबद्दल काही सांगत नाही.

आता मूळ भांडणाकडे येतो. सर, शिखर सोयीचं आहे हे मान्य. पण कामाचं काय ते मी कारखान्यात पाहिलं. मे महिन्यात रिॲक्टरच्या जॅकेटचं थंड पाणी बंद पडलं आणि बॅच 27 अंशांवरून 37 वर गेली. फक्त 10 अंश. पण प्रक्रियेचा वेग जवळपास दुप्पट झाला, उष्णता त्याच मानाने वाढली, आणि आम्ही धावत जाऊन फीडचा व्हॉल्व्ह बंद केला. शिखराकडे पाहून हे कळलं असतं का? नायट्रोजनचं शिखर तेवढ्याच 10 अंशांत 422 वरून 429 वर जातं, दोन टक्केही नाही.

आलेखाच्या उजव्या टोकाच्या शेपटीकडे बघा, तिथे सगळ्यात वेगवान रेणू असतात. 1000 मीटरच्या वर 300 ला शंभरात एकाहून जरा जास्त रेणू असतात, 600 ला 13. शिखर दीडपटही हललं नाही आणि शेपूट बारापट झाली. आणि जिथे प्रक्रिया घडायला धडकेत लागणाऱ्या ऊर्जेचा अडथळा मोलला 53 किलोज्यूलच्या आसपास असतो, तिथे तर 27 अंशांना एक हजार कोटी धडकांत सहाच पुरेशा जोराच्या असतात. 37 ला बारा होतात. कारखान्यात सगळा खेळ त्या सहा आणि बाराचा असतो.

वागळे इस्टेट, फिजिक्स
काका, दोन हरकती. एक, तुमची बॅच द्रव होती. वेगांचं वाटप द्रवातही असंच असतं हे मान्य, पण तिथे रेणू एकमेकांपर्यंत पोहोचतात कसे हा वेगळा प्रश्न उरतो. दोन, 10 अंशांना दुप्पट हे तुमच्या 53 किलोज्यूलमुळे. अडथळा लहान असेल तर दुप्पट होणार नाही, मोठा असेल तर त्याहून जास्त होईल. हाच नियम म्हणून सांगितला तर पोरं तोही पाठ करतील, ‘सरकतो’ सारखाच.

रबाळे निवृत्त
दुसरी हरकत शंभर टक्के मान्य. पहिलीवर माझं मत बदललेलं नाही. त्या बॅचमध्ये ढवळणी जोरात होती, अडथळा ओलांडणं हाच अडसर होता.

ऐरोलीची आई
सगळ्यांचे आभार. काल रात्री कणीक मळली होती, त्याला तेच दाखवलं. गोळा तेवढाच, पोळी मोठी लाटली की पातळ होते. मग त्याने 600 चा आलेख पुन्हा काढला, शून्यातून सुरू केला, बुटका आणि रुंद. पण त्याने एक विचारलं आणि मी अडकले. शून्य वेगाला एकही रेणू का नाही? थांबणं तर सगळ्यात सोपं!

कळवा एमएस्सी
काकू, मुलाने फार नेमकं विचारलंय. एकाच दिशेने, समजा ठाण्याहून कळव्याकडे, रेणूचा वेग किती असं मोजलं तर सर्वाधिक शक्य उत्तर शून्यच येतं. पण चाल मोजताना दिशा सोडून देतो आपण. मोठ्या चालीने जायच्या वाटा पुष्कळ असतात, शून्य चालीची एकच. म्हणून आलेख शून्यातून उठतो.

आणि सर, तुमच्या शिखराला माझाही एक धक्का. वेगाऐवजी ऊर्जेच्या समान पट्ट्या पाडल्या तर शिखर दुसरीकडेच येतं. त्या शिखरावरच्या नायट्रोजनचा वेग 300 केल्विनला 298 मीटर निघतो, 422 नाही. मग सर्वाधिक शक्य रेणू कोणता?

वागळे इस्टेट, फिजिक्स
पट्ट्या कशाच्या पाडल्या त्यावर शिखर ठरतं, हे खरं. म्हणून मी नेहमी ‘सर्वाधिक शक्य वेग’ म्हणतो, ‘सर्वाधिक शक्य रेणू’ नाही. परीक्षेत अक्षावर वेग असतो, तिथे 422 च.

रबाळे निवृत्त
आणि 1000 मीटरच्या वर किती रेणू आहेत, हे वेगाच्या पट्ट्या पाडा की ऊर्जेच्या, तेवढंच येतं. शिखर जागा बदलतं, ती मोजणी बदलत नाही. वर्गात आधी ती शिकवा एवढंच माझं म्हणणं.

वागळे इस्टेट, फिजिक्स
ती मोजणी अकरावीच्या पोराला हाताने करता येत नाही काका. वर्गमूळ येतं. मी शिखरापासूनच सुरुवात करणार.