ॲटलास केला तरी गेम अडकतो, मग ॲटलास करायचाच कशाला?

जागली_दारव्हा
लिबजीडीएक्समध्ये शेताची जागल करायचा गेम बनवून राहिलो. रात्री पऱ्हाटीच्या वावरात रानडुकरं घुसतात, टॉर्च मारून हाकलायची. स्क्रीनवर ३०० झाडं, प्रत्येकाची सावली, १२ डुकरं, अन् डुकराच्या डोक्यावर जिवाची पट्टी. आमच्या गावातल्या पोरांजवळ २ जीबी रॅमचे जुने फोन आहेत, त्याच्यावर ३०-३५ च एफपीएस भेटते. झाडं, सावल्या, डुकरं सगळं टेक्स्चर पॅकरनं एका मोठ्या चित्रात, म्हणजे ॲटलासमध्ये, टाकलं. फ्रेमच्या शेवटी `batch.renderCalls` छापला तर ३ येते. म्हणजे जीपीयूला चित्र काढायला सांगायचे हुकूम, ड्रॉ कॉल, कमीच आहेत, तरी गेम अडकतोच. माझं मत असं झालं की टूडी गेमसाठी ॲटलास ही फुकटची मेहनत आहे. कोणाचं वेगळं मत असेल तर सांगा.

काळी_माती
मेहनत फुकट नाही भाऊ, अर्धवट केली आहे. सगळे लेव्हल, मेनू, बटणं, फॉन्ट, सगळं ४०९६ बाय ४०९६ च्या एकाच ॲटलासमध्ये टाक. एक टेक्स्चर म्हणजे एक ड्रॉ कॉल, विषय संपला. मी तर नेहमी असंच करतो.

रातकिडा
मी जागलीच्या बाजूनं आहे. ड्रॉ कॉल मोजायची सवय जुन्या काळातली आहे. आजच्या फोनला टूडीमध्ये त्रास होतो तो ओव्हरड्रॉचा. पारदर्शक चित्रावर पारदर्शक चित्र, त्याच्यावर अजून एक. तुमच्या गेममध्ये रात्र आहे म्हणजे स्क्रीनभर अंधाराचा थर असणारच. ॲटलास सोडा, तो थर काढून पाहा.

उमरेडकर
जागली भाऊ, आधी तो ३ चा आकडा बाजूला ठेवा, कारण तो पूर्ण फ्रेमचा नाही. `renderCalls` प्रत्येक `begin()` ला शून्यावर येतो. स्कोअर आणि बटणं तुम्ही वेगळा कॅमेरा लावून, शेवटी वेगळ्या `begin`-`end` मध्ये काढत असाल. तसं असेल तर ३ हा नुसत्या स्कोअरचा हिशेब झाला, वावराचा नाही. पूर्ण फ्रेमसाठी प्रोफायलर लावा:

```java
// create() मध्ये
profiler = new GLProfiler(Gdx.graphics);
profiler.enable();

// render() च्या अगदी शेवटी
Gdx.app.log("calls", "" + profiler.getDrawCalls());
profiler.reset();
```

दुसरं, `.atlas` फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. टेक्स्चर पॅकरची ठरलेली कमाल मर्यादा १०२४ बाय १०२४ असते. चित्रं त्यात मावली नाहीत तर तो काही न बोलता दुसरं पान काढतो. फाइलमध्ये खाली दुसऱ्या पीएनजीचं नाव दिसलं, की तुमचा ॲटलास एक नसून दोन टेक्स्चर आहेत.

आता मुद्द्याचं. समजा झाडं पहिल्या पानावर गेली आणि सावल्या दुसऱ्या. तुम्ही प्रत्येक झाडाची आधी सावली, मग झाड, मग पुढची सावली असं काढत असाल. स्प्राइटबॅच चित्रं साठवत जातो आणि टेक्स्चर बदललं की साठलेलं सगळं तिथंच पाठवून मोकळा होतो. मग सावली पाठवली, झाड पाठवलं, सावली पाठवली, झाड पाठवलं. टेक्स्चर दोनच, पण ड्रॉ कॉल ६००. एकूण टेक्स्चर किती यापेक्षा एका फ्रेममध्ये ती किती वेळा अदलाबदल होतात, हे पाहायचं असतं. ॲटलासमुळे बॅच जुळायची सोय होते, जुळते ती काढायच्या क्रमानं.

पट्टी कशी काढता? शेपरेंडररनं काढत असाल तर प्रत्येक डुकरापाशी बॅच बंद करून पुन्हा उघडावा लागतो, तिथंही तुटतो.

काळी_माती
हेच तर मी म्हणलो. दुसरं पान होऊच नये म्हणून ४०९६ घ्या.

उमरेडकर
४०९६ चा हिशेब करून बघू. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एकटं ते टेक्स्चर ६४ एमबी खातं, कॉम्प्रेशन नसेल तर. मेनू उघडा असतानाही रानडुकरं मेमरीत बसून राहतात. २ जीबीच्या फोनवर अँड्रॉइड असा गेम मागं गेल्यावर बंद करायची शक्यता वाढते, मग पोरगं फोन आल्यावर परत आलं की गेम पहिल्यापासून सुरू. २०४८ चं टेक्स्चर १६ एमबीत भागतं, आणि ओपनजीएल ईएस ३.० च्या प्रत्येक फोनला ते चालवावंच लागतं.

मेनूचं बटण आणि पऱ्हाटी एकामागोमाग एक कधीच काढली जात नाहीत, मग त्यांना एका पानावर आणून कॉल किती वाचणार? एखाददुसरा. एकमेकांत मिसळून जे काढलं जातं, तेवढंच एका पानावर पाहिजे. वावरातलं एका फोल्डरमध्ये, मेनूचं दुसऱ्या. पॅकर फोल्डरनिहाय पानं वेगळी करतो.

मोर्शीचा_राजू
मले एक सांगा, ॲटलास केल्यानं एपीके किती कमी होते? माह्या गेमचं एपीके १८० एमबीचं झालं, लोक डाउनलोडच करत नाहीत.

उमरेडकर
राजू भाऊ, त्यासाठी ॲटलास नाही. चित्राभोवतीची रिकामी पारदर्शक जागा सांगितलं तर पॅकर छाटतो, पण ती जागा पीएनजीत तशीही फारशी वजन धरत नाही. तुमचे १८० एमबी बहुतेक आवाजाच्या फाइलींचे असतील. डब्ल्यूएव्ही असतील तर ओजीजी करून पाहा.

संत्राबाग_वरुड
मी जमिनीच्या टाइल्स ॲटलासमध्ये टाकल्या आणि पस्तावले. कॅमेरा हलला की टाइल्सच्या जोडावर बारीक रेघा चमकतात, कधी शेजारच्या संत्र्याचा नारिंगी रंग काळ्या मातीवर उमटतो. शेवटी टाइल्स बाहेर काढल्या. त्यामुळे ॲटलास सगळीकडे चांगला, हे मला पटत नाही.

उमरेडकर
ताई, तुमची अडचण खरी आहे. लिनिअर फिल्टर कडेच्या पिक्सेलचा रंग ठरवताना शेजारच्या पिक्सेलचाही रंग घेतो, आणि ॲटलासमध्ये शेजारी टाइलच्या बाहेरचं काहीतरी असतं. पॅकर मध्ये २ पिक्सेल जागा सोडतो, पण ती रिकामी असते, म्हणून रेघ दिसते. त्या जागेत टाइलच्याच कडेचा रंग भरायला सांगायचं. फोल्डरमध्ये `pack.json` ठेवा:

```json
{
  "maxWidth": 2048,
  "maxHeight": 2048,
  "duplicatePadding": true
}
```

मिपमॅप, म्हणजे चित्राच्या लहान केलेल्या प्रती, चालू असतील तर संत्र्याचा रंगही त्यातून येऊ शकतो; मग एवढ्यानं भागणार नाही, जागा वाढवावी लागेल. आणि जमीन एकच चित्र रिपीट करून पसरवली असेल तर ती बाहेरच बरी. ॲटलासच्या तुकड्याला रिपीट लावता येत नाही, पूर्ण पानच रिपीट होतं. जमिनीचा एक कॉल जास्त गेला तर काही बिघडत नाही.

जागली_दारव्हा
प्रोफायलर लावला. दिवसाच्या लेव्हलला ६४०, रात्रीच्या लेव्हलला ६४१! `.atlas` उघडली तर खाली `vavar2.png` दिसलं, साऱ्या सावल्या त्याच्यात. हिशेबही जुळला: झाडं-सावल्या ६००, डुकरं अन् त्यांच्या सावल्या २४, पट्ट्या १२, जमीन १, स्कोअर ३, अन् रात्रीचा थर १. पट्टी शेपरेंडररनंच काढत होतो. आता पट्टीऐवजी काय करू? ती डुकराच्या मागच्या झाडावर पण पुढच्या झाडाच्या खाली दिसायला पाहिजे, म्हणून शेवटी एकदम काढता येत नाही.

उमरेडकर
ॲटलासमध्ये एक छोटं पांढरं चौकोनी चित्र टाका, ४ बाय ४ पिक्सेलचं पुरे. ते ताणून पट्टी काढा, रंग `batch.setColor` नं द्या. हा रंग प्रत्येक कोपऱ्यासोबत जातो, त्यानं बॅच तुटत नाही. एका पट्टीला दोन चौकोन, एक मागचा काळा आणि एक पुढचा लाल. काढून झाल्यावर रंग परत पांढरा करा, नाहीतर पुढची पऱ्हाटी लाल दिसेल.

झाडं, सावल्या, डुकरं आणि पट्ट्या मिळून ६४८ चित्रं होतात. स्प्राइटबॅच एका वेळी १००० धरतो, म्हणजे सगळी एका कॉलमध्ये मावतात.

गोंडखैरी_३
उमरेडकर, एक शंका. सावल्या सगळ्या जमिनीवरच पडतात ना? मग आधी सगळ्या सावल्या काढल्या आणि नंतर झाडं-डुकरं, तर दोन पानं असली तरी दोनच कॉल होतात. म्हणजे ॲटलासचं पान वाढवायचीसुद्धा गरज नव्हती, नुसता लूप फोडायचा होता.

उमरेडकर
बरोबर आहे तुमचं. सावल्यांपुरतं क्रमानंच काम झालं असतं. डुकरं आणि झाडांचं तसं करता येत नाही, डुक्कर झाडांच्या दोन ओळींच्या मधून चालतं, म्हणून ती दोन्ही एका पानावर पाहिजेतच. मी तरी २०४८ करून ठेवीन, कारण उद्या रोही आणि बैल आले की पान पुन्हा फुटेल आणि ते लक्षातही येणार नाही.

गोंडखैरी_३
मी उलट १०२४ वरच ठेवीन आणि पान फुटलं की बिल्ड थांबवीन. जुन्या फोनवर थोडी मेमरी वाचली तर वाचली.

जागली_दारव्हा
केलं. ६४१ चे ६ झाले. `begin` ते `end` चा वेळ `System.nanoTime()` नं मोजला, आधी ११ मिलिसेकंदाच्या आसपास होता, आता २ च्या खाली आहे. दिवसाचा लेव्हल लोण्यासारखा चालून राहिला, ६० सोडत नाही. ॲटलास फुकटचा म्हणलो होतो, ते मत आता राहिलं नाही. पण रात्रीचा लेव्हल अजूनही ४५-५० वरच आहे.

रातकिडा
पाहिलं? रात्रीच्या थरात काय काय आहे सांगा.

जागली_दारव्हा
एका चित्रात अंधार आहे, मधात टॉर्चचं भोक. त्याच्यावर धुक्याचे दोन थर, एक सावकाश सरकते, एक जोरानं. तिन्ही एकाच पीएनजीत आहेत, म्हणून कॉल एकच.

रातकिडा
कॉल एकच, पण काम बघा. तुमचा फोन १६०० बाय ७२० चा असेल तर एका थरात साडेअकरा लाख पिक्सेल. तीन थर म्हणजे एका फ्रेमला साडेचौतीस लाख पिक्सेल मिसळायचे, सेकंदाला ६० वेळा. ड्रॉ कॉलच्या आकड्यात हे कुठंच दिसत नाही. खात्री करायची असेल तर `viewport.apply()` नंतर आणि `begin` च्या आधी ही ओळ टाका:

```java
Gdx.gl.glViewport(0, 0, 400, 180);
```

गेम कोपऱ्यात बारीक दिसेल. ६० आले तर अडचण पिक्सेलची, नाही आले तर सीपीयूची.

उमरेडकर
चाचणी योग्य आहे. पण दिवसाच्या लेव्हलला अडचण कॉलचीच होती, हे तुम्हीही मान्य करा.

जागली_दारव्हा
६० आले. म्हणजे रात्रीचं दुखणं पिक्सेलचंच.

रातकिडा
मग तो थर काढूनच टाका. अंधार चित्राच्या रंगातच द्या. टॉर्चपासून झाड जितकं लांब, तितका `setColor` गडद. रंगानं बॅच तुटत नाही असं उमरेडकरांनीच सांगितलं. जमिनीच्या टाइलनाही तसंच करा. अंधाराचे पिक्सेल पूर्ण वाचतात.

संत्राबाग_वरुड
मी दिव्यासाठी असं करून पाहिलं आहे. एका चित्राला एकच रंग लागतो, त्यामुळे उजेडाच्या कडेला एक झाड उजळ आणि शेजारचं एकदम काळं दिसतं. टॉर्च फिरली की झाडं लुकलुकतात. मला ते डोळ्यांना सहन झालं नाही.

उमरेडकर
मी अंधार आणि दोन्ही धुकी आधी स्क्रीनबाहेरच्या एका लहान फ्रेमबफरमध्ये एकत्र करीन, ४०० बाय १८० चा, आणि तो ताणून स्क्रीनवर एकदाच टाकीन. तीन थरांचा एक होतो, आणि अंधार-धुकं तसंही मऊ असल्यामुळे कमी रेझोल्यूशन जाणवत नाही. फक्त तो फ्रेमबफर फ्रेमच्या सुरुवातीलाच भरा. फोनचे जीपीयू स्क्रीन तुकड्या-तुकड्यानं रंगवतात, मधेच फ्रेमबफर बदलला तर अर्धवट झालेलं सगळं मेमरीत लिहून परत वाचावं लागतं.

रातकिडा
म्हणजे एक पूर्ण थर तुम्ही ठेवलाच. त्याहून स्वस्त फोनवर तोही जड जाईल. झाड चार कोपऱ्यांचं असतं, प्रत्येक कोपऱ्याला वेगळा रंग दिला तर संत्राबाग ताई म्हणतात ती लुकलुकही कमी होईल.

जागली_दारव्हा
दोन्ही करून पाहतो. आधी फ्रेमबफर, कारण धुकं मला ठेवायचंच आहे. कोपऱ्यांचा रंग स्प्राइटबॅचमध्ये कसा द्यायचा ते मात्र रातकिडा भाऊ, दोन ओळी लिहून दाखवा.

रातकिडा
`batch.draw(texture, verts, 0, 20)` वापरा, `verts` हा `float[]` ॲरे. एका चित्राच्या ॲरेत २० आकडे, प्रत्येक कोपऱ्याला ५: एक्स, वाय, रंग, यू, व्ही. रंगाच्या जागी `Color.toFloatBits()` चा आकडा. जमिनीच्या टाइल थोड्या लहान घ्या, नाहीतर उजेडाचा गोल चौकोनी दिसेल.