मदत हवी आहे: बाथरूमच्या जुन्या टाईल्सवरच पॅनल लावू का?

विश्रामबागी
सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, 1998 चा. बाथरूम सात बाय पाच. शॉवरखालच्या सात-आठ टाईल्स ठोकल्या की पोकळ वाजतात आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, बेडरूममध्ये, दोन फुटांपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत. बाथरूम एकच आणि सासूबाई आजारी, त्यामुळे पंधरा दिवस फोडाफोडी झेपणार नाही. पॅनलवाला म्हणतो, टाईल्सवरच पीव्हीसी चिकटवतो, एका दिवसात काम, ओल दिसणारसुद्धा नाही. लेकीला मायक्रोसिमेंट, म्हणजे टाईल्सवर सिमेंटचा पातळ लेप, हवंय. दीर म्हणतात, आठ बाय चारचे स्लॅब लावा, जॉइंटच कमी. काय करू?

कृष्णाकाठ
पीव्हीसीचं नाव काढू नका. आम्ही गावभागात तळमजल्यावर लावलं होतं. 2019 च्या पुरात पॅनलच्या पोकळ्यांत गाळ शिरला. बाहेरून धुतलं तरी वास जाईना, शेवटी सगळं उपटलं.

विश्रामबागी
दादा, आमचा दुसरा मजला आहे. पूर आमच्या जिन्यापर्यंतच येतो!

मिरजेचा मिलिंद
टाईल्सच्या फटांतून पाणी मुरतंय. जुनं पांढरं सिमेंट खरवडून एपॉक्सी भरा, ओल थांबेल. दोन दिवसांचं काम.

गिलावा
फटा भरायला हव्यातच, पण पाणी फटांतूनच येतंय हे कशावरून? पाईप गळत असेल तर एपॉक्सीने आतलं पाणी थांबणार नाही. ताई, खालच्या घरात छताला डाग आहे का? आणि पोपडे उन्हाळ्यातही ओलसर असतात का?

विश्रामबागी
खाली डाग नाही. ओल बारमाही.

गिलावा
मग मला पाईपचा संशय जास्त. प्लंबरकडून हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या, थंड आणि गरम लाईन वेगवेगळी. नळांच्या जागी प्लग लावायचे, पंपाने दाब चढवायचा आणि अर्धा तास काटा बघायचा. काटा खाली आला की गळती त्या लाईनमध्ये, मात्र प्लगच गळत नाहीत ना हे आधी हात लावून बघा. रात्री नहाणी ट्रॅप बंद करून फरशीवर इंचभर पाणीही साठवून ठेवा. पेन्सिलने खूण करा. सकाळी पाणी बरंच खाली गेलं असेल तर फरशीकडूनही मुरतंय. हे होईपर्यंत पॅनलवाल्याला दारात उभं करू नका. "ओल दिसणार नाही" म्हणतो ते खरंच आहे. दिसणार नाही, पण भिंत आतून सडत राहील.

विश्रामबागी
काल टेस्ट झाली. थंड लाईनचा काटा हलला नाही. गरम लाईनचा अर्ध्या तासात सहावरून चारवर आला. शॉवरमागच्या एल्बोला गंज होता. पोकळ टाईल्सच फोडल्या, तेवढा तुकडा बदलला, परत टेस्ट केली, काटा जागेवर. फरशीवरचं पाणीही तसंच होतं. आता पॅनल लावू ना?

गिलावा
लगेच नको. भिंतीला दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर भिंत अजून आतून ओली आहे. कोरडं येईपर्यंत दर आठवड्याला परत करून बघा. तोवर फोडलेल्या जागी साधं प्लास्टर करा आणि तिथे पाणी उडणार नाही अशी आंघोळ करा.

मायक्रोसिमेंट मी तुमच्याकडे टाळेन. टाईल्सवर प्रायमर, जाळी, दोन-तीन थर, वरून सीलर, आणि प्रत्येक थर वाळायला वेळ. शिवाय आठवडाभर पाणी लावायचं नाही. एकच बाथरूम असताना ते कसं जमवणार? भिंतीत ओल राहिली तर सीलर फोडासारखा फुगतो. आठ फुटी स्लॅब पन्नास-साठ किलोचा असतो. सात बाय पाचच्या खोलीत तो वळवायचा कुठे?

पीव्हीसी चालेल, पण पोकळ नको, भरीव घ्या. खाचेत बसणारा जॉइंट म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. प्रत्येक खाचेत आणि तळच्या पट्टीत सिलिकॉन भरताना तुम्ही स्वतः उभ्या राहा. मागे लाकडी पट्ट्या ठोकू देऊ नका, त्या कुजतात.

एक हिशेब: दार वगळून भिंतींची लांबी साडेएकवीस फूट, म्हणजे दहा इंची पट्ट्या सव्वीस. पट्टी दहा फुटी, तुम्हाला लागणार सात फूट, म्हणजे प्रत्येक पट्टीमागे तीन फूट वाया. त्यापेक्षा छतापर्यंत न्या.

मिरजेचा मिलिंद
सासूबाईंना धरायला दांडी लावणार असाल ना? पॅनलला स्क्रू मारला तर उपटून येईल.

गिलावा
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, शाबास. दांडीचा स्क्रू पॅनलमधून थेट विटेच्या भिंतीत जाऊ दे, भोकाभोवती सिलिकॉन. जागा आजच ठरवा.

विश्रामबागी
दांडी शॉवरच्या भिंतीवरच लागणार, म्हणजे ओल्या जागीच. मग तेवढ्या भिंतीला टाईल्स आणि बाकी पॅनल असं केलं तर विचित्र दिसेल का? लेक अजून मायक्रोसिमेंटवरच अडून आहे. प्लास्टिक आज चिकटवलंय.