एचआरकडून व्हिसा मुदतवाढीची कागदपत्रं

> व्हिसा अडीच महिन्यांत संपतोय. एचआर ‘लेटर देऊ’ म्हणाले, त्याला तीन आठवडे झाले. आता काय करू?

आधी एवढंच विचारा की अर्ज कंपनी भरणार आहे की तुम्ही स्वतः. कंपनी भरणार असेल तर काम बहुतेक बाहेरच्या वकिलाकडे जातं, मग त्यांच्याशी थेट मेलवर जोडून द्यायला सांगा.

पत्राचा मसुदा तुम्हीच लिहून पाठवा. एचआरला नुसती सही करायची असली की काम लवकर होतं. त्यात रुजू झाल्याची तारीख, पद, पगार, कामाचा पत्ता आणि करार कधीपर्यंत आहे, हे सगळं असू द्या. मेलच्या विषयातच व्हिसा संपण्याची तारीख टाका.

पाठवण्याआधी पत्र पगाराच्या स्लिपशी आणि मूळ कराराशी ताडून बघा. माझं मधे प्रमोशन झालं होतं. पत्रात नवं पद आणि नवा पगार, करारात मात्र जुनं. खुलासा मागवला गेला आणि पाच आठवडे गेले. प्रमोशनचं पत्र सोबत जोडलं असतं तर ते वाचले असते.

पासपोर्टची मुदतही बघा. बऱ्याच देशांत मुदतवाढ त्यापलीकडे मिळत नाही.