दही की मिठाचं पाणी? चिकन किती वेळ मुरवायचं?

खमंग_फोडणी: अर्धा किलो बोनलेस ब्रेस्टचे तुकडे, एक वाटी दही, दोन लिंबांचा रस, दोन मोठे चमचे ताज्या आलं-लसणाची पेस्ट आणि अर्धा चमचा मीठ, असं सगळं रात्री कालवून फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी ग्रिल केलं तर तुकडे बाहेरून पिठूळ आणि आतून कोरडे. दह्यानं मांस मऊ होतं ना? की सरळ मिठाच्या पाण्यातच ठेवायला हवं होतं?

चुलीपाशी: दह्याला दोष देऊ नका. दही मांस फोडतं, म्हणून जितकं जास्त मुरेल तितकं मऊ होणार. मी दोन-दोन दिवस ठेवतो, बोट लावलं की हाडापासून सुटतं.

मीठवाला: तुमचं हाडासकट लेगपीस असणार. त्यात चरबी आणि चिवट पडदे असतात, ते शिजतानाच विरघळतात. त्याचं श्रेय दह्याला कशाला? दही वरच्या काही मिलीमीटरच्या पलीकडे पोचतच नाही. आत शिरतं ते मीठ. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवा, तुकडे त्यात तासभर फ्रीजमध्ये ठेवा, निथळून कोरडे पुसा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सैल होऊन फुगतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. ब्रेस्टसाठी याहून चांगला उपाय नाही.

गोडलिंब: आणि मग चव कुठून येणार? मिठाच्या पाण्यातलं चिकन रसाळ लागतं, कबूल, पण तो रस पाणचट असतो. शिवाय पुसायचा कंटाळा केला की ग्रिलवर भाजण्याऐवजी वाफवल्यासारखं होतं.

रसायनवाली: मीठवाला यांचं मिठाबद्दलचं बरोबर आहे, पण दही अगदीच निकामी नाही. कच्च्या चिकनचा पीएच साधारण 5.8 ते 6 असतो. तो 5.2च्या आसपास आला की मांस सर्वांत कमी पाणी धरतं, त्याहून खाली गेला की तंतू पुन्हा फुगायला लागतात. दह्याचा पीएच साडेचारच्या आसपास असतो आणि घट्टपणामुळे त्यातलं आम्ल सावकाश काम करतं, म्हणून वरचा थर हळूहळू मऊ होतो. लिंबाचा रस जवळपास 2.5चा. तो वरची प्रथिनं लगेच आवळून टाकतो, कडा न शिजवताच पांढऱ्या दिसायला लागतात.

पण पिठूळपणा मला तरी दह्याचा वाटत नाही. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं. पपई-अननसातही असंच असतं, फक्त त्यांचं जास्त जोरदार. अठरा-वीस तास ते मांसाला लागून राहिलं तर पृष्ठभागाचा लगदा होणारच. आचेवर ठेवण्याआधी तुकडा बोटानं दाबून बघायचा. खड्डा तसाच राहिला आणि वरचं मांस बोटाला चिकटून आलं तर आल्याचं काम. नुसतं पांढरं नि घट्ट झालं असेल तर लिंबाचं.

चुलीपाशी: मीही आलं घालतो, माझं कधी लगदा झालं नाही.

रसायनवाली: विकतची पेस्ट असेल तर तिच्यातलं विकर बरंचसं मेलेलं असू शकतं. शिवाय लेगचं मांस जास्त सोसतं.

पाहुणा_खवय्या: मी पाकिटातलं गोठवलेलं चिकन मिठाच्या पाण्यात ठेवलं आणि ते खारट ढोण झालं. म्हणजे ही पद्धतच चुकीची ना?

मीठवाला: पाकिटावरचे घटक वाचा. काही चिकनमध्ये मिठाचं पाणी आधीच भरलेलं असतं. त्याला पुन्हा मीठ दिलं की हे होणारच.

खमंग_फोडणी: मग आतून कोरडं का झालं? दह्यात मीठ तर होतंच की.

रसायनवाली: अर्धा चमचा म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम. अर्धा किलो मांस आणि वर वाटीभर दही, एवढ्याला ते फारच कमी. 7 ग्रॅम तरी हवं, म्हणजे दह्यातच मिठाच्या पाण्याचं काम होतं, वेगळं भांडं नको. दही, मीठ आणि सुके मसाले लावून चार ते आठ तास ठेवा, रात्रभरही चालेल. ताजं आलं शेवटच्या तासाला, लिंबू शिजल्यावर. आत 74 अंश झालं की लगेच उतरवा. 85पर्यंत गेलं तर मीठ असो की दही, ब्रेस्ट कोरडंच होणार.

मीठवाला: आठ तास दह्यात ठेवायचं आणि आत काम करणार ते मीठच. मग एका तासाचं पाणी काय वाईट?

गोडलिंब: पाण्यावर तो डाग पडलेला, किंचित करपलेला थर येत नाही, हे वाईट. दह्यातली साखर आणि प्रथिनं आचेवर तांबूस होतात म्हणून तो येतो.

रसायनवाली: दह्यातलं कॅल्शियमही आतल्या विकरांना जागं करून मांस मऊ करतं, असं बरेच जण सांगतात. थंड फ्रीजमध्ये त्याचा कितपत फरक पडतो याबद्दल मला शंका आहे.

चुलीपाशी: दोन दिवस तरी चालतातच, एवढं मी म्हणणार.

मीठवाला: लेगसाठी चालू द्या. ब्रेस्टचा एक तुकडा दोन दिवस ठेवून इथे फोटो टाका, मग बोलू.