मदत हवी आहे: झोन पाडताना पीक फॅक्टर 2.5 की 3, आणि नवी टाकी गायरानात की गावात?

घाटमाथा_अभियंता

नमस्कार मंडळी. एका तालुक्याच्या गावाच्या पाणीपुरवठा योजनेचा आराखडा माझ्याकडे आहे. दोन प्रश्नांवर अडले आहे आणि छाननीला फाईल पाठवण्याआधी अनुभवी माणसांचं मत हवं आहे.

गाव उतारावर आहे. पूर्वेच्या टेकडीवरच्या नव्या कॉलनीची जमीन 606 मीटरवर, नदीकाठची वस्ती 571 वर. आज सगळ्या गावाला एकच 10 लाख लिटरची उंच टाकी आहे. नदीकाठी नळाला इतका दाब येतो की फेरूलचे जोड सुटतात, आणि कॉलनीत बायका पहाटे साडेचारला उठून तोटीला मोटर लावतात. म्हणून दोन झोन पाडायचे ठरवलं: वरचा 592 ते 606 मीटर, खालचा 571 ते 590. जुनी टाकी खालच्या झोनला राहील, वरच्याला नवी बांधायची.

30 वर्षांनंतरची लोकसंख्या 62,000 धरली आहे, त्यातली वरच्या झोनमध्ये 21,000. माणशी 135 लिटर आणि 15 टक्के गळती धरून वरच्या झोनला रोज साधारण 33 लाख लिटर लागतात, म्हणजे सरासरी प्रवाह सेकंदाला 38.6 लिटर.

टाकीसाठी दोन जागा आहेत. पहिली पश्चिमेचं गायरान, जमीन 609 मीटर, 15 मीटर स्टेजिंग पुरेल असं वाटतं. जागा फुकट आहे आणि शुद्धीकरण केंद्राकडून येणारी रायझिंग मेन तिथूनच जाते. पण तिथून झोनच्या मध्यापर्यंत 1.6 किलोमीटर वाटेत एकही नळजोडणी नसलेली नळी टाकावी लागेल. दुसरी जागा गावातलं शाळेचं मैदान, झोनच्या बरोब्बर मध्ये, पण जमीन 598 वर. तिथे स्टेजिंग 25 मीटर जाईल आणि खर्च वाढेल.

पीक फॅक्टर पूर्ण गावाच्या लोकसंख्येवर घ्यायचा की झोनच्या? आणि कुठली जागा बरोबर?

नळकामगार_सातारी

ताई, यात अवघड काही नाही. सीपीएचईईओच्या मॅन्युअलात तक्ता आहे. 50,000 च्या आत 3, 50,000 ते 2 लाख 2.5, त्यापुढे 2. तुमचं गाव 62,000 चं, म्हणजे 2.5. झोन पाडले म्हणून गावाची लोकसंख्या बदलत नाही. आणि टाकी नेहमी उंच जागेवरच बांधावी. 609 मिळत असताना 598 वर कोण बांधतं?

वीजबिल_वाला

पीक अवरबद्दल माझा अनुभव सांगतो. आमच्या गावच्या योजनेत संध्याकाळच्या महागड्या तासांत पंप बंद ठेवायला लागलो आणि बिल बरंच खाली आलं. तुम्हीही पंपाचं वेळापत्रक तसंच लावा.

घाटमाथा_अभियंता

दादा, माझा प्रश्न विजेच्या पीक अवरचा नाही, लोक एकाच वेळी नळ उघडतात त्याचा आहे. पण मुद्दा टिपून ठेवते. मी पंपिंग 20 तास धरलंय.

जुना_मजीप्रा

बाई, तुम्ही दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत, पण तो एकच प्रश्न आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी फॅक्टर. सगळ्या गावाची माणसं एकाच मिनिटाला नळ उघडत नाहीत, म्हणून मोठ्या वस्तीचा फॅक्टर कमी असतो. वस्ती लहान झाली की सगळे एकाच वेळी उठतात, एकाच वेळी आंघोळ करतात, आणि शिखर टोकदार होतं. नळीला तुमच्या गावाची लोकसंख्या माहीत नसते. तिच्यापुढे किती माणसं आहेत तेवढंच तिला कळतं. वरच्या झोनच्या मुख्य नळीपुढे 21,000 माणसं आहेत, म्हणून मी 3 घेईन. सातारकरांनी तक्ता बरोबर सांगितला, फक्त लावला चुकीच्या आकड्याला.

आता टाकीची जागा. टाकीच्या आधीची नळी पंपाच्या तासांवर चालते, टाकीनंतरची नळी लोकांच्या तासांवर. तुमचं पंपिंग 20 तासांचं आहे, म्हणून टाकीपर्यंत येणारा प्रवाह सरासरीच्या 1.2 पट, म्हणजे सेकंदाला 46 लिटर. टाकीतून बाहेर पडणारा प्रवाह 2.5 धरला तर 96 लिटर आणि 3 धरला तर 116. तुमची 1.6 किलोमीटरची नळी टाकीच्या अलीकडे टाकायची की पलीकडे, एवढाच प्रश्न आहे. गायरानात टाकी बांधली तर ती 116 लिटर वाहणारी होते. मैदानात बांधली तर तीच लांबी 46 लिटरची होते आणि 300 मिमीची नळी सहज पुरते, हेड जातं फक्त दोन मीटर.

गायरानासाठी तुम्ही व्यास किती धरला होता?

घाटमाथा_अभियंता

350 मिमी डीआय, सी 140. झोनमधल्या गल्ल्यांच्या नळ्या 2.5 वर काढल्यात, तिथे कॉलनीपर्यंत 3 मीटर जातात. दुमजली घरांसाठी फेरूलला 12 मीटर हवे आहेत.

जुना_मजीप्रा

मग हिशोब करू. दोन्ही जागांना टाकीचा तळ धरतो, कारण टाकी रिकामी होत आलेली असते तेव्हाच लोकांना पाणी हवं असतं.

गायरान: तळ 624. फॅक्टर 2.5 ला लांब नळीत 4 मीटर, गल्ल्यांत 3. कॉलनीत पाण्याची पातळी 617, जमीन 606, उरले 11. एक मीटर कमी पडतो. फॅक्टर 3 केला की लांब नळीत 5.6 आणि गल्ल्यांत 4.2 जातात. उरतात जेमतेम 8.

मैदान: तळ 623. फॅक्टर 2.5 ला उरतात 14, फॅक्टर 3 ला पावणेतेरा.

मैदानात फॅक्टरच्या वादाने सव्वा मीटरचा फरक पडतो, गायरानात जवळजवळ तीन मीटरचा. छाननी अधिकारी 2.5 वर अडून बसला किंवा 3 वर, मैदानातली टाकी दोन्हीकडे तरते. पंपालाही फरक नाही. गायरानात टाकीची वरची पातळी 628 असेल तर मैदानात 627 आणि नळीतले दोन, म्हणजे 629.

गायरानच घ्यायचं असेल तर ती नळी 450 मिमी करा. मग फॅक्टर 3 लाही तिच्यात दीड-पावणेदोन मीटरच जातील. फक्त 1.6 किलोमीटर 450 ची किंमत आणि मैदानातलं 10 मीटर जास्त स्टेजिंग अधिक 300 ची नळी, हे दोन्ही दर एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. कुठलं स्वस्त ते मी इथून सांगणार नाही, ते तुमच्या दरसूचीवर आहे.

नळकामगार_सातारी

हे पटलं. उंची बघताना लांबी विसरलो. पण 592 वरच्या घरांना रात्री नळ बंद असताना 35 मीटर दाब येईल, तो चालेल का?

जुना_मजीप्रा

नव्या नळ्यांना 35 मीटर काहीच नाही. जुन्या जीआय जोडण्या मात्र बदलाव्या लागतील. मॅन्युअलात एका झोनमधल्या भागाभागांत दाबाचा फरक 3 ते 5 मीटरच्या वर नसावा असं लिहिलंय, पण उताराच्या गावात ते पाळायचं तर तीन झोन पाडावे लागतील. मी 592 ते 596 च्या गल्ल्यांना एक दाब-नियंत्रक झडप बसवून थांबेन.

पाणीवाली_मावशी

मी नगरपरिषदेत बावीस वर्षं व्हॉल्व्हवर काम केलंय. इंजिनिअर लोकांनी केलेला हा हिशोब चोवीस तास पाणी असेल तरच खरा. गावात पाणी किती तास सोडणार ते कोणी विचारलंच नाही.

घाटमाथा_अभियंता

मावशी, आराखड्यात चोवीस तास आहे. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं सकाळी 3 तासच सोडायचं असं इथले पदाधिकारी म्हणतायत.

जुना_मजीप्रा

मावशींनी नेमकं दुखणं सांगितलं. दिवसाचं पाणी 3 तासांत द्यायचं तर फॅक्टर 2.5 नाही, 3 नाही, 24 भागिले 3 म्हणजे 8. प्रवाह सेकंदाला 309 लिटर. प्रवाह सव्वातीन पट झाला की नळीतला तोटा साडेआठ पट होतो. तुमच्या गल्ल्यांतले 3 मीटर 26 होतात. मैदानातल्या टाकीचा तळ 623, त्यातून 26 गेले की 597. कॉलनी 606 वर. म्हणजे कॉलनीत एक थेंबही जात नाही, टाकी कुठेही बांधा. प्रत्यक्षात 309 लिटर वाहणारच नाहीत. खालची घरं आपल्या टाक्या भरून घेतील, आणि ती भरल्यावर जे उरेल ते वर चढेल.

टाकीचंही तसंच. दिवसाच्या मागणीच्या एक तृतीयांश म्हणून तुम्ही 12 लाखांची धरली असेल. 3 तासांच्या पुरवठ्यात तासाला 11 लाख बाहेर आणि जेमतेम पावणेदोन लाख आत, म्हणजे सव्वा तासात तळ दिसेल.

पाणीवाली_मावशी

अगदी हेच होतं. आमच्याकडे सात वाजता टाकीच्या गेजवर पट्टी खाली बसलेली असायची आणि टेकडीवरच्या बायका माझ्या दारात. मी मग दोन झोनच्या मधला व्हॉल्व्ह चार फेरे उघडायची, खालच्या टाकीचं पाणी वर जाईल म्हणून. ते वर कसं जाणार? उलट वरचंच खाली निघून जायचं. पुढे साहेबांनी त्या व्हॉल्व्हच्या स्पिंडलला कुलूप लावलं. ताई, तुमच्या सीमेवरच्या व्हॉल्व्हलाही पहिल्या दिवसापासून कुलूप लावा. आणि तो खरंच बंद आहे का ते रात्री बघा. वरच्या झोनचा आउटलेट बंद करा, कॉलनीच्या टोकाला गेज लावा. दाब शून्यावर आला नाही तर कुठून तरी दुसरं पाणी शिरतंय.

वीजबिल_वाला

मग माझा सल्लाही लागू होतो. महागडे तास सोडून 16 तासच पंप चालवला तर 1.2 चं 1.5 होतं ना?

जुना_मजीप्रा

होतं. 46 चे 58 लिटर होतात, 300 मिमीला तेही चालेल. ते धरून रायझिंग मेन काढा.

घाटमाथा_अभियंता

आज दुपारी EPANET मध्ये मैदानाची टाकी ठेवून Demand Multiplier आधी 2.5, मग 3, मग 8 केला. पहिल्या दोन्हींना कॉलनीच्या टोकाला 12 च्या वर येतंय. 8 ला टेकडीवरचे सगळे नोड ऋण झाले, खालच्या गल्ल्या मात्र हिरव्या. तो पडदा छापून प्रस्तावाला जोडणार आहे, म्हणजे 3 तासांचा हट्ट धरणाऱ्यांना निदान दिसेल.

एक शंका राहिली. जुन्या टाकीवर दर पंधरा मिनिटांनी पातळी मोजून आपल्या गावाचा खरा फॅक्टर काढावा असं कोणी सुचवलं होतं.

जुना_मजीप्रा

आजच्या टाकीवर काढू नका. पाणी तीनच तास असताना तुम्हाला लोकांची गरज दिसणार नाही, फक्त नळी किती वाहू शकते ते दिसेल. एखाद्या वसाहतीत आठवडाभर अखंड पाणी देता आलं तर तिथे मोजा. आणि जुन्या 10 लाखांच्या टाकीवर आता खालची 41,000 माणसं राहतात, त्यांना एक तृतीयांशाच्या हिशोबाने ती निम्म्यालाही पुरत नाही. ते काय करणार आहात?

घाटमाथा_अभियंता

तिथे 590 च्या आसपास दुसरी जागा बघतेय. अजून मिळालेली नाही.