मदत हवी आहे: क्लायंट म्हणतोय सॅम्पल पाठवा, नक्की काय पाठवू?

वाटाण्याच्या_अक्षता
मंडळी, जरा घाईत आहे. एका कंपनीला मराठी लेखनाच्या कामासाठी मेल टाकला होता. आज दुपारी उत्तर आलं, "रिलेव्हंट सॅम्पल्स पाठवा." बास, एवढंच. माझ्याकडे सॅम्पल ढिगाने आहेत. सगळ्यांची ड्राइव्हची लिंक देऊन टाकू की निवडक पाठवू? सोबत परत पिच लिहायची का? उद्या सकाळी दहाच्या आत पाठवायचंय. 'स्वतःवर विश्वास ठेवा' छापाचे प्रतिसाद नकोत, प्लीज.

लेलेकाका_डोंबिवली
अभिनंदन! आमच्या वेळी दिवाळी अंकांना कथा पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा जोडावा लागे. साभार परत येण्याची सोय आपणच करायची! माझी एक कथा तीन अंकांकडून परत आली आणि चौथ्याने छापली. तेव्हा सगळं पाठवून द्या. कुठे काय आवडेल सांगता येत नाही.

खोडरबर
काका, क्लायंट दिवाळी अंक काढत नसावा.

अक्षता, कंपनी कसली? काम कसलं? आधी काय लिहून पाठवलं होतंस? तुझ्याकडचे ढीग कशाचे आहेत? हे न सांगता कोणते पाठवू विचारतोयस. मी एका एजन्सीत बाहेरून लिहून घेते, असे मेल रोज उघडते. म्हणून विचारतेय.

एडिसनची_मावशी
अरे, या रुपयांच्या कामांत काय ठेवलंय? परदेशी साइटवर प्रोफाइल कर, डॉलरमध्ये मिळतात. माझा भाचा करतो.

वाटाण्याच्या_अक्षता
मावशी, मराठी लेख डॉलर देऊन कोण घेणार?

खोडरबर, कंपनी खतांची आहे, ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं. वेबसाइटवर शेतकऱ्यांसाठी मराठी लेख हवेत, महिन्याला चार. पहिला मेल असा होता:

"नमस्कार सर, मी गेली काही वर्षे कंटेंट रायटिंग करत असून मराठी, हिंदी व इंग्रजी तिन्ही भाषांवर माझे प्रभुत्व आहे. ब्लॉग, वेबसाइट, सोशल मीडिया, स्क्रिप्ट, जाहिरात, भाषांतर अशी सर्व कामे दर्जेदार व वेळेत करून मिळतील. दर माफक. एकदा सेवेची संधी द्यावी."

ढिगात आहे: मोबाईलचे रिव्ह्यू, एका हॉटेलचं मेन्यूकार्ड, ललित लेख, कांदा चाळीवर स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत छापून आलेला एक लेख, आणि एका एजन्सीसाठी केलेले शेतीवरचे पुष्कळ लेख. पण ते माझ्या नावावर नाहीत.

सडेतोड
एजन्सीचे लेख बिनधास्त पाठव. तू नोकर नव्हतास, फ्रीलान्सर होतास. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहिणारा हाच पहिला मालक. लेखी हस्तांतर नसेल तर लेख आजही तुझेच आहेत. लोक उगाच घाबरतात.

खोडरबर
सडेतोड, कायदा बरोबर सांगितलात, पण त्याने सल्ला बरोबर होत नाही. कॉपीराइट एक आणि गुप्ततेची अट दुसरी. अक्षता, एजन्सीशी काही लेखी झालं होतं का?

वाटाण्याच्या_अक्षता
हो, दोन पानी करार आहे. आत्ता काढून बघितला. "लेखकाने क्लायंटचे नाव, मजकूर व कामाचा तपशील त्रयस्थास उघड करू नये." कॉपीराइटबद्दल काहीच नाही.

सडेतोड
मग मी म्हटलं तेच. मालक तूच.

खोडरबर
मालक असेलही, पण दाखवायचं नाही अशी सही केली आहे. आणि कायदा घडीभर सोडा. दुसऱ्या क्लायंटसाठी लिहिलेले लेख त्याचं नाव न झाकता मला कोणी सॅम्पल म्हणून पाठवले, तर पहिला विचार येतो की उद्या माझेही असेच फिरतील. त्या लेखांबद्दल एक वाक्य लिही: कृषी निविष्ठांवर एका एजन्सीसाठी लिखाण केलं आहे, कराराने ते दाखवता येत नाही. एजन्सीला फोन करून एखादा लेख दाखवायची परवानगीही माग. कधीकधी देतात, पण उद्या दहापर्यंत मिळणार नाही.

आता पहिली पिच. त्यात तू सगळं करतोस, म्हणून तू नेमकं काय करतोस ते कळत नाही. त्यांच्या धंद्याबद्दल एक अक्षर नाही. तरी उत्तर आलं म्हणजे त्यांना माणूस खरंच हवाय. 'रिलेव्हंट' म्हणताहेत त्याचा अर्थ मेन्यूकार्ड पाठवू नकोस एवढाच. दोन पाठव: कांदा चाळ, आणि एक त्यांच्यासाठी आज रात्री नवीन लिहिलेलं. साडेतीनशे-चारशे शब्द पुरेत. त्यांचं मराठी पान वाचलंस का?

वाटाण्याच्या_अक्षता
वरवर चाळलं होतं. आता नीट बघतो.

सडेतोड
फुकट नवीन लेख लिहून द्यायचा? याच्यामुळेच दर पडलेत. मग लेख घेतात आणि गायब होतात.

खोडरबर
त्यांनी विषय देऊन 'ट्रायल लेख' मागितला असता तर मीही पैसे माग म्हटलं असतं. इथे विषय अक्षता निवडतोय, लेख त्याच्या नावाचा राहतो आणि हे काम नाही मिळालं तर पुढच्या क्लायंटला चालतो. वर-खाली 'नमुना लेख' आणि स्वतःचं नाव टाकायचं.

सडेतोड
नाव टाकून चोरी थांबते होय!

वाटाण्याच्या_अक्षता
पान वाचलं. सहा-सात लेख आहेत. द्राक्षावर एकच, केवडा रोगाचा, तोही डिसेंबरात टाकलेला. ऑक्टोबर छाटणीच्या बागा तोवर फुलोऱ्याच्या पुढे गेलेल्या असतात ना? आमच्याकडे निफाडला तरी. हे लिहू का पिचमध्ये?

खोडरबर
हेच लिही! आख्ख्या धाग्यातलं पहिलं कामाचं वाक्य.

द्राक्षबाग_पिंपळगाव
राम राम. आमची थॉम्पसनची बाग आहे. भाऊ बरोबर बोलतोय. केवड्याचा खरा मार पोंगा फुटल्यापासून मणी सेट होईपर्यंत. त्यात पाऊस लागून राहिला तर घडच जातात. डिसेंबरात तो लेख वाचून काय करायचं? पण एक लक्षात ठेव, सटाण्याकडे अर्लीवाले जुलै-ऑगस्टमध्येच छाटतात. सरसकट 'द्राक्ष बागा' लिहिशील तर तिकडचा माणूस हसेल. 'ऑक्टोबर छाटणीच्या' असंच लिही.

वाटाण्याच्या_अक्षता
दादा, आभार. नमुन्याचा पहिला परिच्छेद लिहिलाय, बघा:

"छाटणीनंतर तीन-चार पानं उघडली की सकाळी बागेत एक फेरी मारा आणि पानं उलटी करून बघा. वरून तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग आणि त्याच डागाच्या खाली पांढरी लव दिसली, तर तो केवडा. पानावर राखेसारखी पावडर पसरलेली असेल तर ती भुरी. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून फवारणीआधी ही फेरी चुकवू नका."

पुढे कोणतं बुरशीनाशक लिटरला किती ग्रॅम, ते तक्त्यात देतोय.

द्राक्षबाग_पिंपळगाव
परिच्छेद झकास. तक्ता काढून टाक. औषध, मात्रा आणि काढणीआधी किती दिवस फवारणी बंद हे लेबलवर असतं तेच खरं. एक्स्पोर्टची बाग असेल तर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघावी लागते. एक आकडा चुकला आणि माल रेसिड्यूत अडकला तर शेतकरी तुझं नाव घेईल, कंपनीचंही.

खोडरबर
आणि ही खत कंपनी आहे, दुसऱ्याच्या बुरशीनाशकाचा तक्ता त्यांना कशाला हवा? मात्रेच्या जागी लिही, "औषध व मात्रा: कंपनीच्या कृषितज्ज्ञाकडून तपासून." वाचणाऱ्याला कळतं, हा माणूस कुठे थांबायचं ते जाणतो.

कांदा चाळीचा लेख कशात आहे? लिंक इथे टाक, उघडून बघते.

वाटाण्याच्या_अक्षता
ई-पेपरची लिंक आता उघडत नाही. वर्डची फाइल ड्राइव्हवर आहे, तिची लिंक व्यनि केलीय.

खोडरबर
पहिलं, लिंक माझ्याकडे परवानगी मागतेय. शेअरिंगमध्ये 'Restricted' आहे, ते 'Anyone with the link' कर. क्लायंट परवानगी मागत बसत नाही, पुढचा मेल उघडतो.

*नंतर:* उघडली. दुसरं, सगळा मजकूर 'dkank pkG' असला दिसतोय. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंयस. तुझ्या मशीनवर तो फॉन्ट आहे म्हणून तुला मराठी दिसतं. युनिकोडमध्ये बदलून घे, मग जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाल, बदलताना हमखास तेच बिघडतात. शेवटी दोन्ही लेखांची मिळून एकच पीडीएफ कर आणि आधी स्वतःच्या फोनवर उघडून बघ. कात्रणाचा फोटो असेल तर तोही त्यातच, म्हणजे छापून आल्याचा पुरावा होतो.

लेलेकाका_डोंबिवली
त्या छापून आलेल्या कथेचं मानधन मात्र मला आलं नाही. अंक आला.

सडेतोड
दराचं काय? 'माफक' लिहू नकोस. आकडा टाक. जीएसटी नंबर आहे का?

वाटाण्याच्या_अक्षता
नंबर नाही. दर ८०० शब्दांच्या लेखाला २,५०० रुपये, एक दुरुस्ती धरून. आत्ताच टाकू?

खोडरबर
२० लाखांच्या आत उलाढाल असताना नंबर काढायची गरज नाही, तो विषय सोड. दर त्यांनी विचारलेला नाही. मी आत्ता लिहिणार नाही. लेख आवडण्याआधी आकडा दिसला की लेख त्या आकड्याच्या डोळ्यांनी वाचला जातो.

सडेतोड
साफ चूक. चार मेल, दोन फोन झाल्यावर "आमचं बजेट लेखाला तीनशे" ऐकायचं? माझं तीनदा झालंय. आकडा पहिल्याच दिवशी.

द्राक्षबाग_पिंपळगाव
आम्ही पण व्यापाऱ्याला भाव आधी सांगत नाही, आधी माल दाखवतो. पण कधी कधी तो माल बघूनच जातो बा.

वाटाण्याच्या_अक्षता
हे पाठवतोय, शेवटचं बघा:

"नमस्कार,
उत्तराबद्दल आभार. तुमच्या मराठी पानावरचा केवड्याचा लेख वाचला. तो डिसेंबरात आला आहे. निफाडकडच्या ऑक्टोबर छाटणीच्या बागा तोवर फुलोरा ओलांडून गेलेल्या असतात. हाच विषय सप्टेंबरात आला तर छाटणीआधी शेतकऱ्याच्या हातात पडेल. महिन्याचे चार लेख असे पिकाच्या वेळापत्रकाआधी देण्याची माझी तयारी आहे.
सोबतच्या पीडीएफमध्ये दोन सॅम्पल आहेत. पहिलं केवडा आणि भुरी ओळखण्यावर, या मेलसाठी नव्याने लिहिलेलं. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या तुमच्या कृषितज्ज्ञांकडून याव्यात. दुसरा कांदा चाळीवरचा लेख, माझ्या नावाने छापून आलेला, कात्रणासह.
याखेरीज एका एजन्सीसाठी कृषी निविष्ठांवर लिखाण केलं आहे, करारामुळे ते दाखवता येत नाही.
पहिल्या महिन्याचे चार विषय हवे असल्यास परवापर्यंत पाठवतो."

दर घातला नाही. सडेतोड, तुमचं पटलं नाही असं नाही, पण हिंमत होत नाहीये.

खोडरबर
ठीक आहे. शेवटच्या ओळीत 'हवे असल्यास' काढ, 'पाठवू का?' असं विचार. 'हो' एवढं उत्तर द्यायला सोपं जातं. खाली फोन नंबर घाल.

सडेतोड
तीनशे म्हणाले की इथे येऊन सांग. मी धागा वर काढेन.

एडिसनची_मावशी
भाच्याला विचारलं, तो मराठीत लिहीत नाही. सॉरी. पण पिंपळगावच्या दादांना एक विचारायचंय, इकडे परसात द्राक्षवेल लावलीय, पानांवर राखेसारखं काहीतरी आलंय. भुरी का हो?

द्राक्षबाग_पिंपळगाव
ताई, फोटो टाका. पानाच्या दोन्ही बाजूंचा.